शून्य वाजून शून्य मिनिटांची गर्दी

समजा, चार हौशी मित्रांनी जुन्या दिवाळी अंकांची एक सूची तयार केली आहे. कोणत्या वर्षी कोणता अंक निघाला, त्यात कोणी लिहिले आणि तो अंक आज इंटरनेटवर कुठे वाचायला मिळतो, अशी साधी वेबसाइट. ती फुकट ठेवता यावी म्हणून त्यांनी गिटहबवर सार्वजनिक रिपॉझिटरी उघडली. रिपॉझिटरी म्हणजे फायलींचे असे कपाट, ज्यात प्रत्येक बदलाची तारीखवार नोंद राहते. अशा नोंदवलेल्या बदलाला कमिट म्हणतात.

सूचीतल्या लिंका मरतात. कोणाचा ब्लॉग बंद पडतो, कोणत्या ग्रंथालयाची साइट नव्या पत्त्यावर जाते. म्हणून चौघांपैकी एकाने छोटा प्रोग्रॅम लिहिला. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला त्याने सगळ्या लिंका उघडून पाहायच्या आणि एखादी मेलेली सापडली तर तक्रार नोंदवायची. हा प्रोग्रॅम चालवायला स्वतःचा संगणक सुरू ठेवायची गरज नाही. गिटहबच्या संगणकांवर तो चालतो. रिपॉझिटरीत `.github/workflows/duve.yml` नावाची फाइल ठेवायची आणि तिच्या सुरुवातीला एवढे लिहायचे:

```yaml
on:
  schedule:
    - cron: '0 0 1 * *'
  workflow_dispatch:
```

अवतरणातले पाच घर म्हणजे मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार. फुली म्हणजे ‘कोणताही’. तेव्हा ही ओळ सांगते, की दर महिन्याच्या 1 तारखेला शून्य वाजून शून्य मिनिटांनी काम सुरू कर. शेवटच्या ओळीमुळे ते काम हाताने, बटण दाबूनही सुरू करता येते. अशा ठरवलेल्या कामाला वर्कफ्लो म्हणतात.

मित्रांची अपेक्षा अशी, की पहिल्या तारखेला बाराच्या ठोक्याला तपासणी सुरू होईल आणि हे वर्षानुवर्षे चालत राहील. या अपेक्षेतल्या दोन्ही गोष्टी चुकतात. काम बाराच्या ठोक्याला सुरू होत नाही, आणि वर्षानुवर्षेही चालत नाही.

वेळापत्रकाची ही पाच घरांची भाषा क्रॉन नावाच्या जुन्या युनिक्स प्रोग्रॅमची आहे. पॉल विक्सी यांनी 1987मध्ये लिहिलेली त्याची आवृत्ती पुढे लिनक्स संगणकांवर सर्वत्र पसरली. तो क्रॉन तुमच्याच संगणकावर बसलेला असतो. दर मिनिटाला जागा होतो, आपली यादी पाहतो आणि ज्याची वेळ झाली ते काम तिथल्या तिथे सुरू करतो. मध्ये कोणी नाही, रांग नाही. संगणक चालू असेल तर काम मिनिटभराच्या आत सुरू होणारच.

गिटहबने लिहिण्याची पद्धत तीच उचलली, पण आतली यंत्रणा पूर्णपणे वेगळी आहे. तिथे असंख्य लोकांच्या वेळापत्रकांच्या ओळी एकाच मध्यवर्ती यंत्रणेकडे जमा असतात. एखाद्या ओळीची वेळ झाली हे आधी त्या यंत्रणेच्या लक्षात यावे लागते. मग त्या रिपॉझिटरीच्या मुख्य शाखेतली ताजी फाइल वाचून त्या फेरीची नोंद तयार होते. ती नोंद रांगेत जाते. रांगेतून तिला एक रनर, म्हणजे काम करणारा संगणक, मिळतो. हा संगणक सहसा त्या कामापुरता नव्याने उभा केलेला आभासी संगणक असतो आणि काम संपले की तो मोडून टाकतात. तो तयार झाल्यावर त्यावर तुमच्या फायली उतरवल्या जातात, आणि तेव्हा कुठे लिंका तपासणारी पहिली आज्ञा चालते. यातली प्रत्येक पायरी तुम्ही आणि जगभरचे इतर वापरकर्ते वाटून घेत असता.

आता त्या ओळीतल्या दोन शून्यांकडे पाहा. वेगळा कालविभाग सांगितला नसेल तर ही वेळ यूटीसी म्हणून वाचली जाते, म्हणजे शून्य वाजता आपल्याकडे पहाटेचे साडेपाच असतात. तेवढा फरक बहुतेकांना ठाऊक असतो. खरी अडचण अशी, की ‘रोज एकदा’ म्हणताना जगभरचे लोक सवयीने `0 0 * * *` लिहितात आणि ‘दर तासाला’ म्हणताना `0 * * * *`. लग्नसराईत एकाच गोरज मुहूर्तावर सगळ्या गावाची लग्ने निघावीत आणि मग बँडवाल्यापासून भटजीपर्यंत कोणीही वेळेवर मिळू नये, तसा हा प्रकार. वर्षात मुहूर्त पुष्कळ असतात, पण सगळ्यांना तोच हवा असतो.

आपल्या मित्रांनी निवडलेला मुहूर्त तर त्यातही सर्वात दाट गर्दीचा. महिन्याच्या पहिल्या तारखेच्या शून्य वाजता दर पाच मिनिटांनी चालणारी कामे सुटतात, दर तासाची सुटतात, रोजची सुटतात आणि महिन्याचीही सुटतात. त्या दिवशी रविवार आला तर आठवड्याची कामेही त्यात पडतात. गिटहबच्या माहितीपुस्तिकेत हे लपवलेले नाही. भार जास्त असताना ठरवलेली कामे उशिरा सुरू होऊ शकतात, प्रत्येक तासाची सुरुवात ही अशा भाराची वेळ आहे, आणि भार फारच वाढला तर रांगेतली काही कामे गळूनही जाऊ शकतात, असे तिथे स्पष्ट लिहिलेले आहे. ते वाचायला आपण जातो मात्र उशीर झाल्यावर.

उशीर कधी चार-पाच मिनिटांचा असतो, कधी अर्ध्या तासाचा, क्वचित त्याहून मोठा. आणि तो दोन वेगवेगळ्या जागी होऊ शकतो. लोक इथे गल्लत करतात, म्हणून जरा थांबू. पहिला उशीर फेरीची नोंद तयार होण्याआधीचा. मध्यवर्ती यंत्रणाच तुमच्या ओळीपर्यंत उशिरा पोहोचली. दुसरा उशीर नोंद झाल्यानंतरचा. फेरी वेळेवर नोंदली गेली, पण रिकामा रनर मिळाला नाही. दोन्ही ओळखता येतात. गिटहबच्या आज्ञावलीत हे विचारायचे:

```
gh run list --workflow duve.yml --event schedule --json databaseId,createdAt
gh run view 123456 --json jobs
```

पहिल्या उत्तरातले `createdAt` म्हणजे फेरीची नोंद कधी झाली ते, आणि `databaseId` हा त्या फेरीचा क्रमांक. तो दुसऱ्या आज्ञेत 123456च्या जागी घालायचा. तिच्या उत्तरात प्रत्येक कामाखाली `startedAt` दिसते, म्हणजे रनरवर काम प्रत्यक्ष कधी सुरू झाले ते. समजा ओळीत 00:00 लिहिले आहे, नोंद 00:24ला झाली आणि काम 00:24:20ला सुरू झाले. याचा अर्थ रनर लगेच मिळाला. चोवीस मिनिटे वेळापत्रकाच्या दारातच गेली. अशा वेळी जास्त ताकदीचा रनर विकत घेऊन काही उपयोग नाही. उलट नोंद 00:01ला झाली आणि काम 00:25ला सुरू झाले, तर तुटवडा रनरचा आहे. बहुतेक तक्रारींच्या मुळाशी पहिला प्रकार असतो.

लिंका तपासायला चोवीस मिनिटे उशीर झाला तर कोणाचे काही बिघडत नाही. बिघडते ते तारखेच्या काठावर बसवलेल्या कामांचे. कोणी बाजार समितीचे दिवसाचे भाव रोज रात्री 11 वाजून 55 मिनिटांनी उतरवून घेण्याचे काम लावले, असे धरा. यूटीसीत ते 18:25. प्रोग्रॅम भाव वाचतो, भारतीय वेळेनुसार ‘आजची तारीख’ घड्याळाला विचारतो आणि त्या नावाने फाइल साठवतो. एके रात्री काम पंचवीस मिनिटे उशिरा सुरू झाले. घड्याळात बारा वाजून वीस मिनिटे झालेली. सोमवारचे भाव मंगळवारच्या नावाने साठले. मंगळवारी रात्री काम वेळेवर चालले आणि त्याने तीच फाइल नव्या भावांनी भरून टाकली. सोमवार कायमचा गेला, आणि दोन्ही फेऱ्यांपुढे यशाची हिरवी खूण. यावर उपाय वेळापत्रकात नाही, प्रोग्रॅममध्ये आहे. भावांच्या पानावर जी तारीख छापलेली असते ती वापरायची. काम कधी चालले याच्याशी साठवणीचा संबंधच ठेवायचा नाही. उशिरा चालले, दोनदा चालले, तरी निकाल तोच राहावा, अशा रीतीने काम लिहिले की अर्धी चिंता मिटते.

वेळापत्रकात करण्यासारखे एकच आहे, आणि ते फुकटचे आहे. आडनिड मिनिट निवडा. आपल्या मित्रांनी `0 0 1 * *` ऐवजी `23 3 1 * *` लिहिले, तर तपासणी भारतीय वेळेनुसार सकाळी 8 वाजून 53 मिनिटांनी येते. ना तासाची सुरुवात, ना मध्यरात्र. इथे भारतीयांना साडेपाच तासांच्या फरकाचा किंचित फायदा आपोआप मिळतो. आपण ‘सकाळी आठ’ ठरवले की यूटीसीत 2 वाजून 30 मिनिटे होतात, आणि तासाच्या तोंडावरची गर्दी चुकते. पण अर्धा तास हाही लोकांचा आवडता आकडा आहे, तेव्हा तिसावे मिनिटही टाळलेलेच बरे. जेन्किन्स नावाच्या जुन्या प्रणालीत मिनिटाच्या जागी `H` लिहायची सोय आहे. मग ती प्रणाली कामाच्या नावावरून एक मिनिट ठरवते, आणि शंभर कामे तासभरात आपोआप विखुरली जातात. गिटहबवर अशी सोय नाही. तुम्ही शून्य लिहिले तर शून्यच. मला ही उणीव वाटते, कारण ‘केव्हाही चालव, पण महिन्यातून एकदा’ एवढेच म्हणायचे असलेल्या माणसालाही तिथे नेमके मिनिट लिहावेच लागते.

उशिरापेक्षा गळती जास्त त्रासाची. गळालेली फेरी नंतर भरून दिली जात नाही. दर पाच मिनिटांनी, म्हणजे परवानगी असलेल्या सर्वात कमी अंतराने चालणाऱ्या कामाच्या दिवसात 288 फेऱ्या होतात. त्यातली एक गेली तर पाच मिनिटांत दुसरी येते. महिन्याच्या कामाची एक फेरी गेली तर महिनाच गेला. म्हणून महिन्यातून एकदा हवे असलेले काम मी आठवड्यातून एकदा लावीन, आणि या महिन्यात ते झाले आहे का, हे प्रोग्रॅमनेच सुरुवातीला पाहावे, असे लिहीन.

दुसरी अडचण अधिक शांत आहे. सार्वजनिक रिपॉझिटरीत 60 दिवस काही हालचाल झाली नाही, तर गिटहब तिथले वेळापत्रकावरचे वर्कफ्लो आपणहून बंद करते. दिवाळी अंकांच्या सूचीचे वर्ष कसे जाते ते पाहा. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरात नवे अंक येतात, मित्र उत्साहाने नोंदी घालतात. शेवटची कमिट 10 नोव्हेंबरला झाली. मग प्रत्येक जण आपापल्या कामाला लागतो. 1 डिसेंबरला तपासणी होते, 1 जानेवारीला होते. 9 जानेवारीला साठ दिवस भरतात आणि वर्कफ्लो थांबतो. 1 फेब्रुवारीला काहीच होत नाही. मार्चमध्ये नाही, एप्रिलमध्ये नाही. पुढच्या दिवाळीत कोणीतरी जुनी लिंक उघडते आणि समोर कोरे पान येते. तक्रार का आली नाही म्हणून शोधायला जावे, तर नऊ महिने तपासणीच झालेली नसते.

‘तपासणी तर चालूच होती की, ती हालचाल नाही का?’ असा प्रश्न इथे स्वाभाविक आहे. नाही. वर्कफ्लो चालला याची नोंद वर्कफ्लोला जिवंत ठेवत नाही. तसे असते तर एकदा लावलेले वेळापत्रक स्वतःच्याच जोरावर अनंतकाळ चालले असते, आणि नियमाला अर्थ उरला नसता. भरवशाची हालचाल म्हणजे कमिट.

नियमामागचे कारण समजण्यासारखे आहे. सार्वजनिक रिपॉझिटरीला गिटहबचे साधे रनर फुकट मिळतात. कोणीतरी शिकताना दर पाच मिनिटांचे काम लावून पाहतो आणि विसरून जातो. वर्षात 1,05,120 फेऱ्या होतात, प्रत्येक फेरीला एक आभासी संगणक उभा राहतो आणि मोडला जातो, आणि निकाल कोणीही वाचत नाही. अशी सोडून दिलेली कामे वाढत गेली की तासाच्या सुरुवातीच्या रांगेत तीही उभी राहतात. म्हणजे साठ दिवसांचा नियम आणि पहाटे साडेपाचची गर्दी एकाच हिशेबाच्या दोन बाजू आहेत. खासगी रिपॉझिटरीत मिनिटांचा कोटा असतो आणि तो संपल्यावर पैसे मोजावे लागतात. विसरलेल्या कामाला तिथे आपसूक लगाम बसतो. साठ दिवसांचा नियम सार्वजनिक रिपॉझिटरीपुरता आहे.

तरी नियमाचा नेम थोडा चुकतो, असे माझे मत आहे. हालचाल नसणे म्हणजे सोडून देणे, असे तो गृहीत धरतो. पण एखादे छोटे सॉफ्टवेअर पूर्ण झाले म्हणूनही त्यात कमिट होत नाहीत. ते ज्या इतर सॉफ्टवेअरवर उभे आहे त्यांच्या आवृत्त्या मात्र बदलत राहतात, आणि म्हणून रात्रीची चाचणी लावलेली असते. कोणी हात लावत नाही, तेव्हाच तिची गरज जास्त. नेमकी तीच थांबते. दुसरीकडे जे वर्कफ्लो रोज काहीतरी उतरवून स्वतःच कमिट करतात, त्यांचा निकाल कोणी पाहो न पाहो, ते चालत राहतात, कारण त्यांची कमिट हीच हालचाल ठरते.

यातूनच एक प्रामाणिक उपाय निघतो. काही जण वेळ काढण्यासाठी दर महिन्याला रिकामी कमिट टाकतात. मला तो प्रकार आवडत नाही, त्याने इतिहासात निरर्थक ओळी साचतात. त्यापेक्षा लिंका तपासून झाल्यावर वर्कफ्लोने ‘शेवटची तपासणी’ ही तारीख, किती लिंका पाहिल्या आणि किती मेल्या, हे एका छोट्या फाइलीत लिहून कमिट करावे. त्यासाठी त्याला फाइलीत `contents: write` ही परवानगी द्यावी लागते. वाचकालाही वेबसाइटवर ती तारीख दाखवता येते. रिपॉझिटरी जिवंत राहते, आणि ती कमिट खरी माहिती सांगते.

थांबवण्याआधी गिटहब मेलने सूचना पाठवते. पण चौघांच्या हौशी प्रकल्पात ते मेल ज्याच्या पेटीत पडते तो गडी नोकरी बदलून मोकळा झालेला असतो. नंतर गिटहबवर ‘Actions’ या भागात जाऊन तो वर्कफ्लो उघडला, तर वर एक पट्टी दिसते, की साठ दिवस हालचाल नसल्याने हे बंद केले आहे, आणि शेजारी ‘Enable workflow’ हे बटण. ते दाबले की वेळापत्रक पुन्हा सुरू होते. मधल्या महिन्यांच्या फेऱ्या मात्र परत येत नाहीत; एक फेरी हाताने सुरू करून द्यावी लागते. सुरुवातीच्या फाइलीतली `workflow_dispatch` ही ओळ त्यासाठीच हवी.

याच धर्तीची आणखी एक गोष्ट. दुसऱ्याची सार्वजनिक रिपॉझिटरी फोर्क करून, म्हणजे तिची प्रत आपल्या खात्यात घेऊन काम सुरू केले, तर तिच्यातली वेळापत्रके मुळातच बंद अवस्थेत येतात. फाइल जागेवर, ओळ जागेवर, आणि काम मात्र होत नाही.

या सगळ्यात घातक आहे ती शांतता. काम चालून फसले तर लाल फुली येते, मेल येते. काम सुरूच झाले नाही तर काहीच येत नाही, कारण न झालेल्या फेरीची नोंद कुठे होणार? म्हणून पहारा बाहेरून हवा. अशा सेवा मिळतात, ज्यांना तुमच्या वर्कफ्लोने प्रत्येक फेरीच्या शेवटी एक हाक द्यायची असते. ठरलेल्या मुदतीत हाक आली नाही की ती सेवा तुम्हाला मेल पाठवते. मुदत ठरवताना उशिराला जागा द्यायची. रोजच्या कामासाठी चोवीस तासांवर दोन-तीन तास सैल सोडले तर खोट्या घंटा वाजत नाहीत. आणि ज्या कामाला मिनिट खरोखर महत्त्वाचे आहे, त्याचा गजर गिटहबच्या वेळापत्रकात ठेवूच नये. स्वतःच्या लहानशा सर्व्हरवरच्या क्रॉनने ठरल्या मिनिटाला गिटहबला निरोप धाडून काम सुरू करवता येते. त्याने वेळापत्रकाच्या दारातला उशीर टळतो. रनरची रांग उरतेच.

तुमची एखादी सार्वजनिक रिपॉझिटरी दोन महिने हात न लावता पडलेली असेल, तर आज तिच्या फोल्डरात जाऊन हे विचारा:

```
gh workflow list --all
```

शेवटी `--all` लिहायला विसरू नका. त्याशिवाय ही आज्ञा बंद पडलेले वर्कफ्लो दाखवतच नाही. उत्तरात कुठे `disabled_inactivity` दिसले, तर `gh workflow enable duve.yml` अशा आज्ञेने ते सुरू करा आणि लगेच एक फेरी हाताने चालवा. पुढच्या पहिल्या तारखेची वाट पाहू नका.